हिमोग्लोबिनचा रेणू केवढा? गोठणबिंदू आणि परासरण दाबाने रेणू कसे मोजतात

रक्ताला लाल रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनात लोह असतं. कोरडं, शुद्ध हिमोग्लोबिन जाळून उरलेल्या राखेतलं लोह मोजलं, तर शंभर ग्रॅममागे साधारण ०.३३५ ग्रॅम भरतं. एक मोल लोह म्हणजे ५५.८५ ग्रॅम. तेवढं लोह मिळवायला किती हिमोग्लोबिन जाळावं लागेल? हिशोब केला की सुमारे १६,७०० ग्रॅम येतं. प्रत्येक रेणूत लोहाचा एकच अणू असेल, तर हिमोग्लोबिनचं मोलर वस्तुमान १६,७०० झालं. पण रेणूत दोन अणू असले तर ते ३३,४०० होईल, तीन असले तर ५०,१०० आणि चार असले तर ६६,८००. राखेतलं लोह यातलं काहीच ठरवू शकत नाही. चिवड्यात दर शंभर ग्रॅममागे शेंगदाणे किती हे कळलं, म्हणून चिवड्याचा पुडा केवढा आहे ते कळत नाही, तसंच हे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा प्रश्न खरोखर अडलेला होता. १९०७ साली ह्यूफ्नर आणि गान्सर यांनी १६,०००च्या आसपासचा आकडा दिला, म्हणजे रेणूमागे एक लोह. १९२५ साली केंब्रिजमध्ये गिल्बर्ट अडेअर यांनी त्याच्या चौपट आकडा दिला. गंमत अशी की दोन्ही वेळा रीत एकच होती : परासरण दाब मोजण्याची. ही रीत काय आहे, आणि तिच्याऐवजी गोठणबिंदूची जास्त सोपी रीत इथे का चालत नाही, हे या लेखात पाहू. त्यासाठी आधी ती सोपी रीत नीट समजून घ्यावी लागेल.

वजन करणं सोपं, मोजणं अवघड

मोलर वस्तुमान म्हणजे एका मोलचं ग्रॅममधलं वस्तुमान. मोल हे डझनासारखंच मोजमाप आहे. डझनात बारा नग असतात, मोलमध्ये ६.०२२ × १०^२३ कण. एखाद्या पदार्थाचं मोलर वस्तुमान काढायला दोनच गोष्टी लागतात : पदार्थ किती ग्रॅम आहे आणि त्यात किती मोल कण आहेत. पहिली गोष्ट तराजू सांगतो. सगळी अडचण दुसरीत आहे. अनोळखी पदार्थाचे कण मोजायचे कसे?

इथे द्रावणांचे काही गुणधर्म मदतीला येतात, जे कण कोणते आहेत याकडे लक्षच देत नाहीत. कण किती आहेत एवढ्यावरच ते अवलंबून असतात. पाण्यात साखरेचे हजार रेणू घाला किंवा युरियाचे हजार रेणू घाला, द्रावण पातळ असेल तर पाण्याचा गोठणबिंदू दोन्ही वेळा जवळपास सारखाच उतरतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रेनोबल इथे फ्रांस्वा-मारी राऊल्ट यांनी असंख्य द्रावणांचे गोठणबिंदू चिकाटीने मोजून हे दाखवलं.

असं का होतं? शुद्ध द्रव आणि त्याचा बर्फ शेजारी असतात, तेव्हा त्यांच्या सीमेवर सतत ये-जा चालू असते. बर्फातले काही रेणू सुटून द्रवात येतात, द्रवातले काही बर्फाला जाऊन चिकटतात. ज्या तापमानाला ही ये आणि जा सारखी होते, तो गोठणबिंदू. आता द्रवात दुसरं काही विरघळलं, तर द्रवाच्या बाजूला सीमेवर येणाऱ्या कणांपैकी काही परके असतात. त्यांना बर्फाच्या जाळीत जागा मिळत नाही. त्यामुळे बर्फाकडे जाणाऱ्यांची संख्या घटते, पण बर्फातून सुटणाऱ्यांची तेवढीच राहते. तोल पुन्हा साधायला तापमान खाली न्यावं लागतं, म्हणजे बर्फातून सुटणं मंदावतं. परके कण जितके जास्त, तितकं तापमान खाली. आईस्क्रीमच्या पॉटात बर्फावर खडेमीठ टाकतात ते याच कारणाने.

किती उतरेल याचं प्रमाण प्रत्येक विद्रावकाचं स्वतःचं असतं. एक किलो विद्रावकात एक मोल कण विरघळले की गोठणबिंदू जितका उतरतो, तो त्या विद्रावकाचा स्थिरांक, Kf. पाण्यासाठी तो १.८६ अंश आहे, बेंझीनसाठी ५.१२ आणि सायक्लोहेक्झेनसाठी सुमारे २०. सायक्लोहेक्झेनचा एवढा मोठा का? कारण एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते, तर एक किलो गोठलेलं सायक्लोहेक्झेन वितळवायला केवळ ३२ किलोज्यूलच्या आसपास. जो घन इतक्या थोडक्यात वितळतो, त्याचा तोल परक्या कणांनी जास्त ढळतो.

डांबरगोळी कशाची?

आता एक खरा उपयोगाचा प्रश्न घेऊ. कपाटात ठेवायच्या डांबरगोळ्या दोन वेगळ्या पदार्थांच्या मिळतात. एक नॅफ्थलीन, मोलर वस्तुमान १२८. दुसरा पॅराडायक्लोरोबेंझीन, १४७. दोन्ही पांढरे, दोन्ही उग्र वासाचे, दोन्ही उघड्यावर हळूहळू उडून जाणारे. हातातली गोळी कोणती?

सायक्लोहेक्झेन घ्यायचं. ते ६.५ अंशाला गोठतं, म्हणजे साध्या बर्फाच्या पाण्यात काम भागतं. ते झटकन पेट घेतं, म्हणून आसपास ज्योत नको आणि खोलीत हवा खेळती हवी. कोरड्या परीक्षानळीत २०.० ग्रॅम सायक्लोहेक्झेन तोलून घ्या. ही नळी एका मोठ्या नळीत बसवा, म्हणजे दोघींच्या मध्ये हवेचा थर राहील आणि थंडी सावकाश लागेल. मग सगळं बर्फाच्या पाण्यात ठेवा. आत एक थर्मामीटर आणि तारेची ढवळणी. दर पंधरा-वीस सेकंदांनी तापमान लिहायचं. आधी शुद्ध सायक्लोहेक्झेनचा गोठणबिंदू काढायचा. पुस्तकातला ६.५ गृहीत धरून पुढे जायचं नाही. थर्मामीटर दोन-तीन दशांश चुकीचं दाखवत असेल, तर ती चूक दोन्ही मोजणीत सारखीच येते आणि वजाबाकीत निघून जाते. पुस्तकातला आकडा घेतला, की ती चूक थेट उत्तरात शिरते.

मग गोळीची पूड करून ०.३२० ग्रॅम तोलायची, त्याच नळीत टाकून पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायची आणि तीच कृती पुन्हा करायची. समजा शुद्ध सायक्लोहेक्झेन ६.५ अंशाला गोठलं आणि द्रावण ४.३ अंशाला. फरक २.२ अंश. द्रावणाचा हिशोब असा :

M = (Kf × w) / (W × ΔT)

इथे M म्हणजे मोलर वस्तुमान, w म्हणजे पुडीचे ग्रॅम, W म्हणजे विद्रावकाचं किलोमधलं वस्तुमान आणि ΔT म्हणजे गोठणबिंदूतली घट.

M = (२० × ०.३२०) / (०.०२०० × २.२) = १४५

म्हणजे गोळी पॅराडायक्लोरोबेंझीनची आहे. नॅफ्थलीन असती तर घट २.५ अंश आली असती. वाचनात एक दशांश अंशाची चूक धरली, तर उत्तर १३९ ते १५२ या दरम्यान हलतं. १२८ त्यात बसत नाही, त्यामुळे निकाल पक्का आहे. पण हे दोन पदार्थ १४० आणि १४७ असे जवळचे असते, तर या थर्मामीटरने निवाडा झाला नसता. उत्तरासोबत ही हद्द सांगितली नाही, तर उत्तर अपुरं राहतं. (या दोघांचे वितलनबिंदूही वेगळे आहेत, ८० आणि ५३ अंश. त्यामुळे आपलं उत्तर बरोबर की चूक हे लगेच तपासता येतं. अनोळखी पदार्थाला हात घालण्याआधी रीत अशा ओळखीच्या जोडीवर घासून पाहिलेली बरी.)

या प्रयोगात बहुतेकांची चूक होते ती एकाच ठिकाणी, म्हणून तिथे थोडं थांबू. द्रावण थंड होत जातं, ४.३ अंशाखाली जातं, तरी गोठत नाही. ३.८ पर्यंत, कधी आणखी खाली उतरतं. यालाच अतिशीतन म्हणतात, कारण पहिला स्फटिक तयार व्हायला निमित्त लागतं. मग अचानक स्फटिक पडतात, गोठताना उष्णता बाहेर पडते आणि तापमान झपकन वर येतं. वर येऊन शुद्ध द्रवात ते एका रेषेवर स्थिर राहतं. द्रावणात मात्र स्थिर राहत नाही, हळूहळू उतरतच जातं. कारण गोठतं ते फक्त सायक्लोहेक्झेन. पुडीचे रेणू मागे उरलेल्या द्रवात राहतात आणि तो द्रव क्षणाक्षणाला दाट होत जातो.

आता ही चूक किती महाग पडते ते पाहा. नळीतलं दहा टक्के सायक्लोहेक्झेन गोठून गेल्यावर तुम्ही तापमान वाचलंत, तर उरलेलं द्रावण नव्वद टक्क्यांत आटलेलं असतं. घट २.२ ऐवजी २.४४ अंश दिसते आणि मोलर वस्तुमान येतं १३१. म्हणजे तुम्ही आत्मविश्वासाने 'नॅफ्थलीन' लिहून मोकळे व्हाल! एकाच वाचनावर भरवसा ठेवू नये तो यासाठी. तापमान आणि वेळ यांचा आलेख काढायचा. गोठायला लागल्यानंतरची उतरती रेष मागे वाढवायची, गोठण्याआधीच्या थंड होण्याच्या रेषेला ती जिथे छेदेल तो खरा गोठणबिंदू. तिथे अजून काहीच गोठलेलं नसतं, त्यामुळे द्रावण आपण तोललं तेवढंच असतं.

बाकीच्या चुकांची दिशा ओळखता आली की पुरे. पूड पूर्ण विरघळली नसेल, तर कण कमी मोजले जातात आणि मोलर वस्तुमान खऱ्यापेक्षा जास्त येतं. सायक्लोहेक्झेन उडून गेलं, तर द्रावण दाट होतं आणि उत्तर कमी येतं. स्थिरांकही पुस्तकागणिक २० ते २०.८ असा बदलतो. त्यामुळे आधी बायफेनिलसारखा माहितीचा पदार्थ त्याच नळीत, त्याच थर्मामीटरने मोजून स्वतःचा स्थिरांक काढणं सगळ्यात सुरक्षित.

एक गोष्ट मात्र चूक नसते, पण चुकीसारखी दिसते. बेंझोइक आम्लाचं मोलर वस्तुमान १२२. बेंझीनमध्ये विरघळवून याच रीतीने मोजलं, तर उत्तर २४४च्या जवळ येतं. प्रयोग बरोबरच असतो. बेंझीनमध्ये या आम्लाचे रेणू हातात हात घालून जोडीने फिरतात आणि आपली रीत जोडीला एक कण म्हणून मोजते. उलट पाण्यात मिठाचे दोन तुकडे होतात, त्यामुळे ५८ ऐवजी ३०च्या आसपास उत्तर येतं. ही रीत द्रावणात जे मोकळे कण हिंडत आहेत त्यांची मोजदाद करते. बाटलीवर कोणतं सूत्र छापलं आहे हे तिला ठाऊक नसतं. हे लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

हिमोग्लोबिनपाशी ही रीत का थकते

आता हिमोग्लोबिनकडे वळू. लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम हिमोग्लोबिन विरघळवलं. मोलर वस्तुमान ६५,००० धरलं, तर ते ०.०००१५ मोल झालं. पाण्याचा गोठणबिंदू किती उतरेल? ०.०००३ अंश. गोठणबिंदूच्या कामासाठी एर्न्स्ट बेकमन यांनी खास थर्मामीटर तयार केला होता. त्याच्यावर अंशाच्या शंभराव्या भागाच्या खुणा असतात आणि भिंग लावून हजाराव्या भागाचा अंदाज करता येतो. त्यालाही ही घट दिसत नाही.

समजा याहून बारीक थर्मामीटर मिळाला. तरी अडचण सुटत नाही, उलट खरी अडचण इथेच सुरू होते. त्या लिटरभर द्रावणात चुकून दहा मिलिग्रॅम मीठ राहिलं, चिमटीच्या टोकावर मावेल एवढं. मिठाचे कण फार हलके असतात आणि विरघळताच त्यांचे दोन होतात. हिशोब केला की या दहा मिलिग्रॅममधून ०.०००३४ मोल कण मिळतात. म्हणजे दहा ग्रॅम हिमोग्लोबिनातल्या रेणूंपेक्षा दुपटीहून जास्त! गोठणबिंदू सगळ्यांना सारखंच मोजतो, त्यामुळे आपण मोजलेल्या कणांत हिमोग्लोबिनपेक्षा मिठाचेच जास्त असतील. आणि रक्तातून काढलेल्या प्रथिनातून शेवटचा मिठाचा कण धुऊन टाकणं जवळजवळ अशक्य.

कापूर विद्रावक म्हणून घेतला तर त्याचा Kf चाळीसच्या आसपास आहे, पाण्याच्या वीसपटीहून जास्त. छोट्या सेंद्रिय पदार्थांसाठी तो खूप वापरला गेला. पण कापूर वितळतो १७८ अंशाच्या आसपास, आणि त्या तापमानाला हिमोग्लोबिन केव्हाच शिजून जाईल.

तेव्हा अशी रीत हवी जिच्यात आकडा मोठा येईल आणि मीठ आपोआप गाळलं जाईल. परासरणात या दोन्ही गोष्टी आहेत.

पडद्याआडची मोजणी

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळात पाणी सुटतं. फोडीच्या आतलं पाणी पेशींच्या पडद्यातून बाहेरच्या खारट पाण्याकडे ओढलं जातं. पडद्यातून पाणी जातं, पण विरघळलेले मोठे कण जात नाहीत, अशा पडद्याला अर्धपारगम्य म्हणतात. त्याच्या एका बाजूला शुद्ध विद्रावक आणि दुसऱ्या बाजूला द्रावण ठेवलं, तर विद्रावक द्रावणाकडे जात राहतो. का, तर गोठणबिंदूच्या वेळी पाहिलं तेच इथेही घडतं. द्रावणाच्या बाजूने पडद्याकडे येणाऱ्या कणांत काही परके असतात, त्यामुळे तिकडून परत जाणारे विद्रावकाचे रेणू कमी पडतात. हा ओघ थांबवायला द्रावणावर जितका दाब द्यावा लागतो, तो परासरण दाब. जुन्या पुस्तकांत याला तर्षण दाबही म्हटलेलं आढळेल.

हा दाब किती, याचं सूत्र यान हेन्ड्रिक फान्ट हॉफ यांनी १८८०च्या दशकात दिलं. १९०१ सालचं रसायनशास्त्रातलं पहिलं नोबेल त्यांना मिळालं, त्यात या कामाचाही वाटा होता. सूत्र वायूच्या सूत्रासारखंच दिसतं :

Π = (c / M) × R × T

Π म्हणजे परासरण दाब, c म्हणजे दर लिटरमागे किती ग्रॅम, M म्हणजे मोलर वस्तुमान, R म्हणजे वायूच्या सूत्रातलाच स्थिरांक, T म्हणजे केल्विनमधलं तापमान.

आता तेच दहा ग्रॅम हिमोग्लोबिन शून्य अंशाला घेऊ. सूत्रानुसार दाब येतो ३५० पास्कलच्या आसपास, म्हणजे पाण्याचा साडेतीन सेंटिमीटर उंच स्तंभ. जी घट थर्मामीटरला दिसत नव्हती, ती इथे साध्या पट्टीवर वाचता येते. हीच रीत साखरेला लावली तर उलटी अडचण होते. लिटरमागे ३४ ग्रॅम साखर घातली, तरी स्तंभ वीस मीटरच्या वर चढायला पाहिजे. शिवाय इतक्या लहान रेणूंना अडवेल असा पडदा तयार करणंही कठीण. त्यामुळे वाटणी आपोआप होते. काही शेकड्यांचं मोलर वस्तुमान असलेल्या पदार्थांना गोठणबिंदू, हजारो-लाखोंच्या पदार्थांना परासरण दाब. वरची हद्दही आहेच. मोलर वस्तुमान दहा लाख झालं, तर तेवढ्याच दहा ग्रॅमचा स्तंभ दोन-सव्वादोन मिलिमीटरच भरतो.

मिठाचा प्रश्न पडदाच सोडवतो. कोलोडियनचा पडदा हिमोग्लोबिनला अडवतो, पण पाणी आणि मीठ दोघांनाही जाऊ देतो. या पडद्याच्या पिशवीत हिमोग्लोबिनचं द्रावण भरायचं, तिच्या तोंडाला स्तंभासाठी एक उभी नळी लावायची, पिशवी मीठपाण्यात बुडवून ठेवायची आणि वाट पाहायची. मीठ दोन्ही बाजूंना वाटलं जातं आणि त्याचा दाब दोन्हीकडून सारखाच पडल्यामुळे कटतो. उरतो तो जवळजवळ फक्त हिमोग्लोबिनचा. मोजणीत ज्यांना धरायचं नाही त्यांच्यासाठी दार उघडं ठेवलं आहे. ही कल्पना मला फार सुंदर वाटते.

'जवळजवळ' म्हटलं ते उगाच नाही. प्रथिनाच्या रेणूवर विद्युतभार असतो. समजा प्रत्येक रेणूवर दहा ऋण भार आहेत आणि पाण्यात मीठ अजिबात नाही. मग प्रत्येक रेणूसोबत दहा धन आयन बांधल्यासारखे पिशवीतच राहतात, कारण भाराचा तोल राखायलाच हवा. मोजणीत एका रेणूचे अकरा कण होतात आणि ६५,०००चं उत्तर ६,०००वर येतं. डोनन परिणाम म्हणतात तो हाच. त्यावर उपाय दोन. द्रावणाची आम्लता अशी ठेवायची की प्रथिनावर भार जवळपास उरणार नाही. हिमोग्लोबिनसाठी ते सातच्या आसपासच्या पीएचला जमतं. आणि दोन्ही बाजूंना भरपूर मीठ ठेवायचं. मीठ लिटरमागे ०.१ मोल असेल, तर दहा भार असूनही आपल्या दहा ग्रॅमच्या द्रावणात चूक चार टक्क्यांच्या आसपास राहते. गोठणबिंदूच्या रीतीत ज्या मिठाने घात केला असता, तेच इथे मुद्दाम घालायचं असतं.

एका मोजणीवर भागत नाही

सूत्र पातळ द्रावणाचं आहे. हिमोग्लोबिनचे रेणू जाडजूड असतात, एकमेकांची जागा अडवतात आणि द्रावण दाट झालं की दाब सूत्रापेक्षा जास्त येतो. मग अगदी पातळ द्रावण घ्यावं, तर स्तंभ इतका बुटका होतो की वाचनातली एक मिलिमीटरची चूकही भारी पडते. यातून मार्ग असा : तीन-चार वेगवेगळ्या दाटपणाची द्रावणं मोजायची आणि दाट ते पातळ असा कल पाहून, द्रावण शून्यापर्यंत पातळ केलं असतं तर काय आलं असतं ते रेषेवरून वाचायचं.

हिशोब दिसावा म्हणून सोपे केलेले आकडे घेऊ. तापमान शून्य अंश. लिटरमागे २० ग्रॅमला स्तंभ ७५ मिलिमीटर, ४० ग्रॅमला १६०, ६० ग्रॅमला २५५. दाटपणा दुप्पट केला तर स्तंभ दुपटीहून जास्त चढतो आहे. प्रत्येक उंचीला ग्रॅमने भागलं की ३.७५, ४.०० आणि ४.२५ येतात. हे तीन बिंदू सरळ रेषेत आहेत. रेष मागे नेली की शून्य दाटपणाला ३.५० येतं. पाण्याचा एक मिलिमीटर म्हणजे ९.८१ पास्कल, त्यामुळे ३.५० मिलिमीटर म्हणजे ३४.३ पास्कल. शून्य अंशाला R × T ची किंमत २,२७१. लिटरचे घनमीटर करताना हजाराने गुणलं की :

M = २२,७१,००० / ३४.३ = सुमारे ६६,२००

फक्त ६० ग्रॅमच्या द्रावणावर विसंबलो असतो, तर ४.२५ वरून ५४,५०० आलं असतं. म्हणजे लोहाचे तीन अणू की चार, याचा निर्णय डळमळीत झाला असता. रेष मागे नेली म्हणून प्रश्न मिटला. भारामुळे येणारी उरलीसुरली चूकही दाटपणाबरोबर घटत शून्याला जाते, हा आणखी एक फायदा.

हाताने करताना धीर लागतो. तोल साधायला तास नाही, दिवस लागतात. स्तंभ चढताना पाणी आत येतं आणि द्रावण थोडं पातळ होतं, म्हणून नळी बारीक घ्यायची आणि शेवटी आतल्या द्रावणाचा दाटपणा पुन्हा मोजायचा. पण नळी बारीक असली की द्रव नुसता केशाकर्षणानेही चढतो. तेवढी उंची वेगळी मोजून वजा करायची. इतके दिवस प्रथिन नासू नये म्हणून थंडी हवी. अडेअर यांनी शून्य अंशाच्या जवळपास काम केलं ते म्हणूनच. पडदा फुटका असेल तर स्तंभ चढून पुन्हा हळूहळू उतरायला लागतो. हिमोग्लोबिनच्या बाबतीत याहून सोपी खूण आहे : बाहेरचं पाणी गुलाबी होतं. रंग नसलेल्या प्रथिनाला ही सोय नाही. तिथे बाहेरच्या पाण्यात प्रथिन आलं आहे का, हे दरवेळी तपासावं लागतं.

अडेअर यांच्या मोजणीतून उत्तर आलं ते ६७,०००च्या घरात. १६,७००ची चौपट ६६,८००. म्हणजे रेणूमागे लोहाचे चार अणू. पुढच्याच वर्षी, १९२६ साली, स्वीडनमध्ये थिओडोर स्वेडबर्ग आणि रॉबिन फोरेअस यांनी अतिवेगवान अपकेंद्रित्रात हिमोग्लोबिन फिरवून, पडद्याचा काही संबंध नसलेल्या रीतीने, चौपटीचाच निकाल दिला. मॅक्स पेरुत्झ यांनी क्ष-किरणांनी रेणूची रचना उलगडली तेव्हा त्यात चार साखळ्या दिसल्या, प्रत्येकीत एक लोह. आज हा आकडा ६४,५००च्या आसपास धरतात.

आता बेंझोइक आम्लाची जोडी आठवा. १९३० साली बर्क आणि ग्रीनबर्ग यांनी युरियाच्या गाढ द्रावणात हिमोग्लोबिनचा परासरण दाब मोजला. उत्तर आलं ३४,०००च्या आसपास, म्हणजे जवळपास बरोबर निम्मं. पडदा फुटलेला नव्हता. युरियाने चार साखळ्यांचा रेणू मधोमध सोडवला होता आणि पिशवीत दोन-दोन साखळ्यांचे अर्धे रेणू मोकळे फिरत होते. रीतीने पुन्हा एकदा जे कण समोर होते तेच मोजले, आणि एका रेणूच्या वजनावरून सुरू झालेल्या प्रश्नातून तो रेणू कुठे जोडलेला आहे हेही दिसू लागलं.